मना म्हणजे नुसता मान नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरी लोकांच्या 'मना' या शब्दाचा अर्थ 'प्रतिष्ठा' असा एका शब्दात उरकलाय, ते काही पटलं नाही. (आपल्या 'माना'शी त्याचं नातं नाही बरं का, नुसता आवाज जुळतो.) डिक्शनरी उघडली की प्रतिष्ठा, अधिकार, वजन, दैवी शक्ती अशी रांगच दिसते आणि वाटतं हे चार वेगळे अर्थ आहेत, पण माओरींच्या लेखी मना देवांकडून पूर्वजांतून वंशात उतरतो, माणसाच्या करणीनं वाढतो किंवा घटतो, आणि म्हणूनच त्याचा शब्द चालतो, म्हणजे एकच गोष्ट, आपल्याकडे तिला एक शब्द नाही म्हणून डिक्शनरीवाले तुकडे करतात. त्यात हा शब्द क्रियापदासारखाही चालतो, तेव्हा अर्थ होतो 'कायद्याने लागू असणं'.

याचा फटका कुठे बसला बघा. 1835 च्या न्यूझीलंडच्या स्वातंत्र्य घोषणेत देशावरच्या सत्तेसाठी 'मना' हाच शब्द होता. ब्रिटिश आणि माओरी सरदार यांच्यात झालेल्या 1840 च्या वाइटांगी तहात मात्र इंग्रजीत 'सार्वभौमत्व' आणि माओरी मजकुरात त्या जागी 'कावानातांगा', म्हणजे गव्हर्नरचा कारभार, हा 'गव्हर्नर'वरूनच बनवलेला शब्द! तिथे 'मना' लिहिलं असतं तर सरदारांनी सही केली असती का, असं बरेच अभ्यासक विचारतात, मला तर वाटतं नसतीच केली. आजही तिथे एखाद्या भागावर पिढीजात हक्क असलेल्या जमातीला 'मना फेनुआ' म्हणतात, फेनुआ म्हणजे जमीन. आता तिथे 'प्रतिष्ठा' घालून बघा, काही अर्थ लागतो का.

— एक वाचक, पुणे