‘कोणाकडून आलं?’ याचं उत्तर रिपोर्टमध्ये नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत लैंगिक संसर्गांवरचा लेख वाचला. लक्षणं, तपासण्या, औषधं सगळं नीट सांगितलं होतं, पण लेख गोळ्यांपाशी संपला. गोळ्या तर आठवड्यात संपतात. त्यानंतर काय होतं, ते लिहिते आहे.

मी ठाण्यात राहते. वय छत्तीस, घटस्फोटित, एका ऑफिसात अकाउंट्स बघते. घटस्फोटाला काही वर्षं होऊन गेल्यावर एका पावसाळ्यात कणकण, जांघेत गाठी आणि लघवीला गेलं की डोळ्यांतून पाणी, असं सुरू झालं. आमच्या डॉक्टरांनी युरिन इन्फेक्शन समजून औषध दिलं. दोन दिवसांत बारीक फोड उठले, फुटले आणि त्यांच्या जखमा झाल्या. मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी जखमेवर कापूस फिरवून नमुना पीसीआर तपासणीला पाठवला. रिपोर्ट आला: हर्पिस, टाइप दोन.

पहिला प्रश्न आला तो रिसेप्शनवरच, फॉर्म भरताना, पाच-सहा पेशंट बसलेले असताना: “मिस्टर कुठे असतात?” मी खरं ते सांगितलं. त्यावर तिने माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही. नंतर मोठ्या बहिणीनेही तेच विचारलं, फक्त दार लावून. नवरा नाही, मग हे आलं कोणाकडून?

हा प्रश्न मी स्वतःलाही रात्र रात्र विचारला. उत्तर मिळेना, म्हणून माझ्याच जुन्या आयुष्याची झडती घेत बसले. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून जे समजावलं, ते पहिल्याच दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं. हा विषाणू अंगात शिरला की कण्याच्या खालच्या भागातल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. कित्येकांना काहीच होत नाही, किंवा इतकं किरकोळ होतं की घामोळं समजून विसरलं जातं. पहिला लक्षात येण्याजोगा उठाव लागण झाल्यावर काही वर्षांनीही येऊ शकतो. रक्ताच्या तपासणीत अँटिबॉडी सापडल्या तर एवढंच कळतं की शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली आहे. कधी आणि कोणाकडून, हे कोणतीच लॅब सांगू शकत नाही. नवीन लागण असेल तर त्या अँटिबॉडी दिसायलाही तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. म्हणजे माझ्या आधीच्या नवऱ्याकडून आलं असण्याची शक्यता आहे, आणि त्याला स्वतःला ते माहीत नसण्याचीही तितकीच. त्याच्यावर खापर फोडायला मला आवडलं असतं, पण पुरावा नाही.

तरी मनातली घाण जात नव्हती. बाथरूम मी फिनेलने धूत राहिले, माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायला लागले, बहिणीच्या लहानग्याला मांडीवर घेणं बंद केलं. आईला वाटे मला नागीण झाली आहे. मीही तिला तसंच वाटू दिलं, कारण नागिणीची चौकशी शेजारपाजारचे मोकळेपणाने करतात! खरं तर हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही. तो त्वचेला त्वचा लागून पसरतो. बादली, टॉवेल, कमोड यांवरून नाही. हे वाचून माहीत होतं. बादली मात्र बरेच महिने वेगळीच राहिली.

दुसऱ्या लग्नासाठी स्थळं बघायला लागल्यावर खरा पेच आला. एका गृहस्थांना मी फोनवरच सांगितलं. त्यांनी सभ्यपणे ‘कळवतो’ म्हटलं आणि कळवलं नाही. नंतर ज्यांच्याशी जुळलं, त्यांना सांगायचं कधी? पहिल्या भेटीत सांगावं इतकी ओळख नसते, आणि जवळीक झाल्यावर सांगितलं तर ती फसवणूक ठरते. शेवटी एका रविवारी सकाळी उपवन तलावाला फेरी मारताना बोलले. तेव्हा आमचं अजून अहो-जाहोच चालू होतं. “मला हर्पिस आहे. तो शरीरातून पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहतो. पुढचं काही ठरवण्याआधी तुम्हाला हे माहीत असायला हवं.” एवढंच घोकून आले होते, तेवढंच बोलले. रडायचं नाही आणि माफी मागायची नाही, हेही आधीच ठरवलं होतं. कारण माफी मागितली की समोरचा न्यायाधीश होतो.

ते बराच वेळ गप्प चालले. मग विचारलं, “मला होईलच का?” आणि थोड्या वेळाने, “मूल?” आठवड्याने आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. लागण होईलच असं नाही, पण शून्य धोक्याची हमीही कोणी देऊ शकत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अंगावर काही दिसत नसतानाही विषाणू अधूनमधून त्वचेवर येतो. म्हणून चुणचुण सुरू झाल्यापासून जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध नाहीत, एरवी कंडोम, आणि मला रोज व्हॅलासायक्लोव्हिरची ५०० मिलिग्रॅमची गोळी. एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही अशा जोडप्यांच्या अभ्यासात या गोळीने लागण साधारण निम्म्यावर आल्याचं दिसलं आहे. मूल होण्याला या आजाराची आडकाठी नाही. बाळाला मोठा धोका असतो तो आईला गरोदरपणाच्या शेवटी नव्याने लागण झाली तर. जुना हर्पिस असेल तर शेवटचा महिना गोळ्या देतात, आणि कळा सुरू होताना जखम असेल तर सिझेरियन करतात.

त्यांचीही रक्ततपासणी झाली. टाइप दोन नव्हता, टाइप एक निघाला. लहानपणापासून ताप येऊन गेला की त्यांच्या ओठाच्या कडेला फोड येत, तो हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात तो आहे. ओठावरच्या त्या फोडांसाठी त्यांना आजवर कोणी चारित्र्याचा दाखला मागितला नव्हता. ‘कोणाकडून आलं’ हे त्यांनीही विचारलं, पण अगदी शेवटी, आणि मी “माहीत नाही, कळणारही नाही” म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाही.

आता उठाव क्वचित येतो. पहिल्या वर्षी जास्त येतात, मग विरळ होतात, असं डॉक्टर म्हणाले होते, तसंच झालं. आधी डाव्या मांडीत मुंग्या येतात. गेल्या मार्चमध्ये, इयर एंडिंगच्या गडबडीत, लोकलमध्ये उभी असताना त्या जाणवल्या. रोजच्या एका गोळीचा डोस काही दिवस वाढवायचा, हे डॉक्टरांनी लिहून दिलेलंच होतं. ऑफिसात पोचून गोळी घेतली आणि बॅलन्सशीट जुळवायला बसले. पूर्वी अशा वेळी मी रजा टाकून पडून राहत असे.

एक विनंती. ‘गुप्तरोग मुळापासून बरा, खात्रीशीर इलाज’ असे स्टिकर लोकलच्या डब्यात दिसतात आणि तशाच छोट्या जाहिराती वर्तमानपत्रांतही येतात. हर्पिसचा विषाणू शरीरातून काढून टाकणारं औषध आज नाही, त्यामुळे अशी खात्री देणारा खोटं बोलतो आहे. शिवाय अशा जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. आपण त्या घेऊ नयेत, आणि त्या जागी एड्स नियंत्रण संघटनेची १०९७ ही मोफत हेल्पलाइन छापावी. लैंगिक संसर्गांची माहितीही तिथे मिळते, नाव न सांगता.

कृपया माझं नाव प्रसिद्ध करू नये. आईला अजून नागीणच माहीत आहे.

आपली,
एक वाचक, ठाणे (प.)