सांगलीचा पत्ता अजून ॲपमध्ये आहे

ती. आई-बाबांस, सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, ‘ॲपवर वरती कोथरूडचा पिनकोड दिसतोय, म्हणजे पत्ता बदलला.’ तसं होत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. ॲमेझॉनच्या पहिल्या पानावर वरच्या पट्टीत ४११०३८ टाकला, की ती वस्तू कोथरूडला मिळेल का आणि कधी मिळेल, एवढंच कळतं. साठवलेल्या पत्त्यांची यादी वेगळी असते आणि तिच्यात सांगलीचं जुनं घर अजून ‘Default’ आहे. `Buy Now` दाबलं की ॲप तोच पत्ता उचलतं. पैसे भरायच्या आधी तो दिसतो खरा, पण बारीक अक्षरांत, आणि आपलं लक्ष किमतीकडे असतं.

तेव्हा एकदाच बसून हे करा. ॲपमध्ये तुमच्या खात्यात जाऊन `Your Addresses` उघडा. जुना पत्ता `Edit` करू नका, नवीन भरा. दुरुस्त करताना नेमकं काहीतरी जुनं राहून जातं. इमारतीचं नाव बदलतं, पण खाली ‘गणपती मंदिराजवळ’ ही खूण तशीच राहते, किंवा सांगलीच्या लँडलाइनचा नंबर राहतो. सगळ्यात महाग पडतो तो राहून गेलेला पिनकोड. समजा, वर कोथरूडची सोसायटी लिहिली आणि खाली ४१६४१६ राहिला. पार्सलची वाटणी मुख्यतः पिनकोडवर होते, त्यामुळे ते सांगलीच्या केंद्रावर जाऊन पडतं. तिथला मुलगा सोसायटी शोधतो, सापडत नाही, ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा मारतो आणि पार्सल परत जातं. ट्रॅकिंगमध्ये सामान सांगलीला पोचलेलं दिसलं, तर आधी पिनकोडच बघायचा. (बाबा, ही पद्धत १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली. पहिले तीन आकडे जिल्ह्याच्या टपालवाटणीचे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. ४११ आणि ४१६ मधला फरक त्यामुळे गल्लीचा नसतो, गावाचा असतो.)

नव्या पत्त्यात विंग, मजला आणि फ्लॅट नंबर पहिल्या ओळीत लिहा. मोबाईल नंबर, जो दिवसा घरात असतो आणि फोन उचलतो त्याचा, म्हणजे आईचा. दारात आलेला माणूस त्याच नंबरवर फोन करतो. मग ‘Default’ची खूण नव्या पत्त्यावर करा, मागे जाऊन ती खरंच तिथे बसली का ते बघा, आणि त्यानंतरच सांगलीचा पत्ता `Remove` करा. आत्याचा पत्ता राहू दे, दिवाळीला लागतो. फक्त नावाच्या जागी तिचंच नाव हवं, तुमचं नको. नाहीतर दोन्ही पत्ते सारखे दिसतात आणि घाईत चुकीचा निवडला जातो. तिला काही पाठवलं, की पुढच्या ऑर्डरला पत्ता मुद्दाम बघा, कारण बरीच ॲप शेवटी वापरलेला पत्ताच पुढे करतात.

आई, किराणा आणि जेवण मागवायच्या ॲपमध्ये आणखी एक भानगड असते. तिथे पत्त्याबरोबर नकाशावरची खूणही साठवलेली असते आणि सामान आणणारा मुलगा त्या खुणेकडेच जातो. लिहिलेला पत्ता बदलला तरी खूण हलत नाही. म्हणून नकाशा दोन बोटांनी मोठा करून खूण आपल्या फाटकावर आणून ठेव, मागच्या गल्लीत नको.

यादी साफ केल्याने जुन्या ऑर्डर मात्र बदलत नाहीत. आधीच दिलेली ऑर्डर जुन्याच पत्त्यावर जाते. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला आपोआप येतात, त्या योजनेत पत्ता स्वतंत्र असतो. तो तिथे जाऊनच बदलावा लागतो. पुढची खेप निघायच्या आत ते करा, गोळ्यांच्या बाबतीत उशीर परवडणार नाही. फोनमधल्या क्रोमनेही सांगलीचा पत्ता लक्षात ठेवला असेल. दुसऱ्या एखाद्या साइटवर फॉर्म आपोआप भरला गेला, तर तो पत्ता क्रोमच्या सेटिंगमधल्या पत्त्यांच्या यादीतून काढा.

चुकून जुन्या पत्त्यावर ऑर्डर गेलीच, तर सामान निघायच्या आत रद्द करून नव्याने मागवा. गाव बदलायचं असेल तर पत्ता दुरुस्त करत बसण्यापेक्षा हेच सोपं. सामान निघालं असेल आणि सांगलीहून ओटीपीसाठी फोन आला, तर ओटीपी देऊ नका. तो दिला की ‘मिळालं’ अशी नोंद होते आणि पैसे परत मिळवताना वाद घालावा लागतो. पार्सल नको म्हणून सांगा, ते परत जाईल आणि पैसे त्यानंतर जमा होतील. सांगलीच्या घरात आता भाडेकरू आहेत, त्यांनाही कळवून ठेवा की आमच्या नावाचं काही आलं तर घेऊ नका.

रविवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा गोळ्यांचं ॲप उघडून ठेवा. तो पत्ता आपण मिळून बदलू.

तुमची,
मनू

ता. क. आई, ‘Add delivery instructions’मध्ये सांगलीचं ‘शेजारी द्या’ असं लिहिलेलं असेल तर तेही पुसून टाक.