सोळा गुणांची वाढ कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या शहरातील एका क्लासची पानभर जाहिरात आहे. दहावीच्या गणिताच्या तुकडीत जून ते डिसेंबर या काळात ‘सरासरी १६ गुणांची वाढ’ झाली, असा तिचा दावा आहे. माझी मुलगी याच तुकडीत आहे. दोन्ही चाचण्यांचे गुण वर्गाच्या दारामागे लावले होते आणि ते मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जूनमध्ये १० मुलांनी चाचणी दिली, त्यांची सरासरी ४८ होती. डिसेंबरच्या चाचणीला ७ मुले बसली, त्यांची सरासरी ६४ आली. क्लासने ६४ मधून ४८ वजा केले आणि १६ हा आकडा छापला. मधल्या काळात क्लास सोडून गेलेल्या तीन मुलांना जूनमध्ये ३१, २८ आणि ३६ गुण होते. ही मुले पहिल्या सरासरीत आहेत, दुसऱ्या सरासरीत नाहीत. म्हणजे कुणाचा एकही गुण वाढला नसता, तरी केवळ त्यांच्या जाण्याने सरासरी ४८ वरून ५५ झाली असती. वाढ मोजायची तर प्रत्येक मुलाचे आधीचे आणि नंतरचे गुण जोडीने घ्यावेत, त्यांतला फरक काढावा आणि मग त्या फरकांची सरासरी काढावी. राहिलेल्या सात मुलांचे फरक ४, २, ५, उणे ३, ६, ३ आणि ४६ असे आहेत. त्यांची बेरीज ६३, म्हणजे सरासरी ९.

यातला ४६ चा फरक ज्या मुलाचा आहे, तो जूनमध्ये अंगात ताप असताना चाचणीला बसला होता आणि अर्ध्या तासात कोरी पाने ठेवून उठला होता. त्याला २४ गुण मिळाले. डिसेंबरमध्ये बरा असताना ७० मिळाले. ही वाढ शिकवण्याची कशी म्हणायची? त्याला वगळले, तर उरलेल्या सहा जणांची सरासरी वाढ तीन गुणांचीही भरत नाही. माझ्या मुलीचे ६२ चे ६६ झाले, त्यासाठी ती रोज पहाटे उठत होती. शिवाय ही सगळी मुले या सहा महिन्यांत शाळेतही तेच गणित शिकत होती. क्लास न लावलेल्या मुलांचे गुण याच दोन चाचण्यांत किती वाढले असते, हे कुणी पाहिलेले नाही आणि दोन्ही प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण होत्या की नाहीत, हेही सांगितलेले नाही.

या आकड्यावर भरवसा ठेवून पालक वर्षाची फी एकरकमी भरतात. जी तीन मुले गेली, त्यांच्या घरच्यांनीही ती भरली होती आणि ती परत मिळालेली नाही.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. ही जाहिरात बातमीच्या मांडणीत छापली असून ‘जाहिरात’ हा शब्द कोपऱ्यात इतका बारीक आहे, की माझ्या सासऱ्यांनी ती बातमी समजूनच आम्हाला वाचून दाखवली. तो शब्द ठळक छापावा आणि वाढीचा आकडा देणाऱ्या क्लासकडून किती मुलांनी पहिली चाचणी दिली व त्यांपैकी किती दुसरीला बसली, या दोन संख्या घेऊन त्या आकड्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक पालक, सांगली