सूचना : बाळाचं लसीचं कार्ड हरवलं असल्यास

सभासद भगिनींनो, आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, म्हणून नोंदीही दोन ठिकाणी विभागतात. समजा, बाळंतपण चंदगडला झालं आणि सासर खानापूरला आहे. मग जन्मावेळची बीसीजी आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस चंदगडकडच्या रजिस्टरात सापडतील. नवव्या महिन्याची गोवर-रुबेला सासरच्या उपकेंद्रात. त्यामुळे दोन्हीकडे जावंच लागतं.

शोधताना बाळाचं नाव सांगू नका, तेव्हा बारसंच झालेलं नसतं. आईचं नाव (माहेरचं आणि सासरचं, दोन्ही), बाळंतपणाची तारीख आणि गरोदरपणात नोंदवलेला मोबाईल नंबर सांगा. जुन्या थायी कार्डाचा फोटो असेल तर त्यावरचा आरसीएच नंबर द्या. नोंद सापडली की सिस्टरकडून नव्या कार्डावर तारखा, सही आणि शिक्का घ्या.

डाव्या दंडावरचा व्रण फक्त बीसीजीची खूण आहे, बाकी लसींबद्दल तो काहीच सांगत नाही. आठवणीवरून तारखा तर कृपया लिहूच नका. ज्या डोसाची नोंद मिळत नाही, तो झालेला नाही असं धरून आरोग्य केंद्रात विचारा. गोवर-रुबेला पुन्हा दिली तरी अपाय होत नाही. पण सरकारी केंद्रात ती पाच वर्षांपर्यंतच मिळते, म्हणून उशीर नको.