पेपरच्या आधीचा श्वास

कोल्हापूर

चि. सईस अनेक आशीर्वाद.

या आठवड्यात शिरोली एमआयडीसीत माझी रात्रपाळी असल्यामुळे आपली सकाळची गाठ पडत नाही, म्हणून लिहून ठेवतो. पूर्वपरीक्षेत भूमितीची प्रश्नपत्रिका हाती येताच छाती धडधडू लागली, म्हणून तू मोठमोठे श्वास घेतलेस आणि उलट डोके हलके होऊन बोटांना मुंग्या आल्या, असे आईकडून कळले. भराभर खोल श्वास घेतल्याने रक्तातील ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण तो आधीच पुरेसा असतो. मात्र कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि त्यानेच चक्कर व मुंग्या येतात. म्हणून ‘खोल श्वास घे’ हा जो तो देतो तो सल्ला मला अपुरा वाटतो. खरे काम श्वास सोडण्याचे आहे.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. मनगटावर नाडी धरून शांत बसलीस, तर हा फरक बहुधा तुलाही जाणवेल. तेव्हा नाकाने, मनात चार अंक मोजेपर्यंत, नेहमीएवढाच श्वास घे आणि सहा अंक मोजेपर्यंत तो सावकाश सोड. मध्ये रोखू नकोस. अंक सेकंदाच्या गतीने मोजलेस, तर एका श्वासाला १० सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी आपण १२ ते २० घेतो. सहा अंक जड वाटले, तर तीन आणि पाच चालतील, पण सोडणे घेण्यापेक्षा लांब हवे.

बाकावर वाकून बसल्यास पोट दबते आणि श्वास छातीतच अडतो. म्हणून पाठ टेकवून एक हात पोटावर ठेव. हात हलत असेल आणि खांदे स्थिर असतील, तर श्वास बरोबर चालला आहे. आजपासून रोज रात्री अभ्यासाच्या टेबलावर पाच मिनिटे हे कर, कारण घाबरलेल्या अवस्थेत नवी गोष्ट जमत नाही. आजीबरोबरची कपालभाती मात्र पेपरच्या सकाळी नको; ती श्वास जलद करते आणि तुला त्या वेळी नेमके उलटे हवे आहे.

अकराच्या पेपरला जागेवर बसल्यावर दोन-तीन मिनिटे हे कर. विसरलेले प्रमेय याने आठवणार नाही, पण प्रश्न नीट वाचण्याइतका हात आणि डोळा स्थिर होईल. मध्येच धडधड वाढली, तर पेन खाली ठेवून असे तीन श्वास घे. त्यात अर्धा मिनिटच जातो. मुंग्या आल्याच, तर श्वास मोठे होत आहेत असे समज, मोजणे थांबव आणि तोंड मिटून नाकाने लहान, सावकाश श्वास घेत राहा; थोड्या वेळात त्या ओसरतात.

तुझे,
बाबा