फुटेज स्वच्छ, पण वेळ चुकीची

प्रति,
संपादक,

महोदय,

सिंहस्थ तोंडावर आल्याने नाशिकमध्ये नव्या कॅमेऱ्यांची चर्चा सुरू आहे. मी शहरात सीसीटीव्ही बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. सोसायट्यांत, दुकानांत आधीपासून असलेल्या रेकॉर्डरचं एक दुखणं मला सतत दिसतं, ते लोकांपर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

इंदिरानगरमधल्या एका सोसायटीतून रात्री मोटारसायकल चोरीला गेली. गेटच्या कॅमेऱ्यात ती १२ वाजून ४७ मिनिटांनी बाहेर पडताना दिसत होती. पुढच्या चौकातल्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात तीच गाडी १२ वाजून ३६ मिनिटांनी गेलेली. म्हणजे सोसायटीतून निघायच्या अकरा मिनिटं आधीच ती चौक ओलांडून गेली होती! सोसायटीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डर, मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिला, तर तो १४ मिनिटं पुढे निघाला. १२:४७ मधून १४ मिनिटं वजा केली की १२:३३ येतात, आणि तिथून चौकात पोहोचायला तीन मिनिटं लागणं अगदी स्वाभाविक आहे.

मग मेडिकलची वेळ तरी बरोबर कशावरून? त्याच रात्री काउंटरवर एका ग्राहकाने यूपीआयने पैसे दिले होते. तो मोबाइल स्कॅनरसमोर धरतो ती फुटेजमधली वेळ आणि दुकानदाराच्या ॲपमधली व्यवहाराची वेळ एकाच मिनिटातली होती. घटनेच्या दिवशी घड्याळ कसं चालत होतं, हे तपासायला यासारखा आधार नाही. आज मोजलेला फरक त्या दिवशीही तेवढाच होता असं गृहीत धरता येत नाही, कारण मधल्या काळात वीज गेली असेल तर सगळं गणित बदललेलं असू शकतं.

वीज आणि वेळ यांचा संबंध एका छोट्या सेलशी आहे. रेकॉर्डरच्या बोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, बहुतेकदा CR2032. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. काही वर्षांनी तो उतरतो, आणि मग वीज गेली की तारीख थेट २००० किंवा १९७० सालच्या १ जानेवारीवर जाऊन बसते. अशा रेकॉर्डरमध्ये कालची तारीख टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही आणि रेकॉर्डिंग झालंच नाही असं वाटतं. सेल चांगला असला, तरी घड्याळ दिवसाला काही सेकंद मागेपुढे होतंच. वर्षभरात त्याची कित्येक मिनिटं होतात.

रेकॉर्डरला इंटरनेट असेल तर सेटिंगमध्ये इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवणारं NTP चालू करावं आणि सर्व्हर म्हणून आपल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा `time.nplindia.org` टाकावा. टाइम झोन `GMT+05:30` आहे ना, हे जरूर पाहावं. तो नुसता GMT वर राहिला तर घड्याळ इमानेइतबारे साडेपाच तास चुकीचं चालतं. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणारं DST बंद ठेवावं, आपल्याकडे ते लागू नाही. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी महिन्यातून एकदा मोबाइलशी वेळ जुळवून रजिस्टरमध्ये लिहून ठेवणं एवढंच हातात आहे.

घटना घडल्यावर मात्र वेळ दुरुस्त करायची घाई करू नये. पुढे असलेलं घड्याळ मागे घेतलं की तेवढी मिनिटं दोनदा नोंदली जातात आणि काही रेकॉर्डर शोधताना त्यातलं एकच दाखवतात. आधी रेकॉर्डरची स्क्रीन आणि मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्यावं, मग फुटेज काढावं (जुनं रेकॉर्डिंग पुसलं जाण्याआधी), आणि शेवटी वेळ नीट करावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा फुटेजसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेला तिच्या बोटाच्या ठशासारखा क्रमांक, हीही लिहायची असते. हॅश जुळली म्हणजे फाइल नंतर कोणी बदललेली नाही एवढंच ठरतं. कोपऱ्यातली वेळ खरी होती की नाही, हे त्यातून कळत नाही. त्याच कलमात उपकरण त्या काळात नीट चालत होतं का, आणि नसेल तर बिघाडाचा नोंदीच्या अचूकतेवर परिणाम झाला नाही ना, हेही विचारलेलं आहे. घड्याळ १४ मिनिटं पुढे असताना, तो फरक कुठेही न नोंदवता, सोसायटीच्या सचिवांनी यावर सही कशी करायची?

म्हणून शहर पोलिसांना विनंती आहे, की फुटेज ताब्यात घेतानाच्या पंचनाम्यात रेकॉर्डरवर दिसणारी वेळ, त्या क्षणाची खरी वेळ आणि दोन्हींतला फरक अशा तिन्ही गोष्टी लिहिल्या जाव्यात. त्याला दोन ओळी पुरतात.

आपला,
एक सीसीटीव्ही तंत्रज्ञ, सिडको, नाशिक