रिफंडची तारीख कुठून मोजायची, हे एकदा ठरवून द्या

माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

ऑर्डर कॅन्सल केली की प्रत्येक शॉपिंग अ‍ॅपच्या एफएक्यूमध्ये एक तक्ता दिसतो, वॉलेटला लगेच, यूपीआयला एक ते तीन दिवस, कार्डाला पाच ते सात वर्किंग डे. आकडे ठीक आहेत, माझं म्हणणं वेगळंय, हे दिवस कुठल्या दिवसापासून मोजायचे ते तिथे धड लिहिलेलंच नसतं.

समजा गुरुवारी २४०० रुपयांचा मिक्सर कॅन्सल केला, पैसे क्रेडिट कार्डावरून गेलेले. सेलरने कॅन्सलेशन मंजूर करून रिफंड पाठवला शनिवारी, मग सात वर्किंग डे सोमवारपासून धरले तर पैसे यायचे त्याच्याही पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी, म्हणजे कॅन्सल केल्यापासून बारा दिवसांनी. गिऱ्हाईक मात्र गुरुवारपासून मोजत बसतं आणि रोज कस्टमर केअरला फोन करतं, तिकडून एकच उत्तर, "सर आमच्याकडून रिफंड झालाय, बँकेला विचारा", आणि बँक म्हणते आमच्याकडे काहीच आलेलं नाही.

आता यात खरं कोण बोलतंय हे कळायचा मार्ग आहे. कार्डाचा रिफंड पुढे गेला की त्याला २३ अंकी एआरएन नंबर पडतो, यूपीआयला १२ अंकी रेफरन्स नंबर असतो. तो नंबर दिला की बँक पैसे शोधू शकते. आणि दोन-तीन दिवस मागूनही दुकानदाराला नंबर देता येत नसेल तर बहुतेक वेळा रिफंड निघालेलाच नसतो. ही एवढी कामाची गोष्ट, पण एफएक्यूमध्ये क्वचितच सापडते.

लोकांचा अजून एक घोळ होतो, रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं सर्क्युलर आहे ना, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, ते फेल झालेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे पैसे कापले गेले पण दुकानदाराला पोचल्याचं कन्फर्मेशनच आलं नाही अशांसाठी. कॅन्सल केलेल्या ऑर्डरचं पेमेंट तर यशस्वी झालेलं असतं, त्यामुळे ते १०० रुपये इथे लागू होत नाहीत. आणि तुमच्या खात्याच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत रिफंड "वाजवी मुदतीत" द्या एवढंच आहे. वाजवी म्हणजे किती, हे मग ज्याचं त्याने ठरवायचं!

म्हणून विनंती आहे साहेब, त्या नियमात पेमेंटच्या प्रकारानुसार दिवस लिहा, ते ग्राहकाने कॅन्सल केल्याच्या वेळेपासून मोजा, आणि "रिफंड पाठवला" हा मेसेज रेफरन्स नंबरशिवाय पाठवायचाच नाही असं बंधन घाला. पैसे वॉलेटमध्ये टाकायचे तर ग्राहकाला आधी विचारलंच पाहिजे, हेही एफएक्यूत ठळक असू द्या, कारण ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत जावेत असं रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रिगेटरना, म्हणजे दुकानदारासाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना, २०२० मध्येच सांगितलंय. आणि त्याच पानावर खाली १९१५ हा हेल्पलाइन नंबर द्यायला लावा.

आपला,
एक ग्राहक